चार हजार एकशे अठरा स्थळं

शेषगिरीरावांचा मेलचा डबा काठोकाठ भरला ही बातमी त्यांना सोडून सगळ्यांना आधी कळली. पहिल्यांदा कळली ती बंगळूरला, त्यांच्या लेकीला.

"अप्पा, तुम्हाला पाठवलेली मेल परत आली! दोनदा!" वाणी फोनवर ओरडत होती. रविवारची सकाळ, नुकती कापी झालेली, वाटीसारख्या डबऱ्याच्या तळाशी कॉफीचा घोट अजून उरलेला.

"परत आली म्हणजे? पत्ता नीट घातलास ना?"

"पंधरा वर्षं तोच पत्ता आहे, अप्पा. झोपेत विचारला तरी सांगेन. तुमचा मेलबॉक्स फुल्ल झालाय. नवीन काही आत जातच नाही. आणि मला तुमच्या सहीचा फॉर्म उद्या कंपनीत द्यायचाय, नाहीतर माझं जॉइनिंग पुढच्या महिन्यावर जाईल."

पहिली नोकरी, आणि ती अशी या म्हाताऱ्याच्या भरलेल्या डब्यापायी अडायची? शेषगिरीराव ताडकन उठून उभे राहिले, जणू उभं राहिल्यानं डब्यात जागा होणार होती.

"मी आत्ता बसतो आणि एकेक काढून टाकतो."

"एकेक? किती मेल आहेत त्यात?"

"असतील की. एकतीस हजारांच्या वर काहीतरी आकडा दिसतो बाई."

पलीकडं वाणीनं तो आकडा हळूच परत म्हणून पाहिला. मग म्हणाली, "मी राजीअक्काला सांगितलंय. एक ॲप आहे, ते जाहिरातींच्या मेल शोधून एका जागी लावतं. मग नको त्या बंद करायच्या आणि जुन्या एकदम फेकायच्या. ती येतेय तुमच्याकडं."

"राजी कशाला? दुसरं कुणी नाही का?"

"दुसरं कुणी म्हणजे? अप्पा, काहीतरीच तुमचं!" म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा.

काहीतरीच खरंच. तमिळ मुलखातल्या राजवाड्यामागच्या त्या मराठी गल्लीत शेषगिरीरावांच्या घरात काही अडलं तर राजलक्ष्मीनं यायचं, हा नियमच होता. भिंतीला भिंत लागून घर. शाळेत गणित शिकवायची, आता चाळिशीला आलेली, लग्न झालेलं नव्हतं. शेषगिरीरावांची बायको गेली तेव्हा वाणी नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून वाणीची वेणी घालणं, तिला शाळेत सोडणं, तिचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसणं, सगळं राजीनं केलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती सकाळी फणी घेऊन यायची आणि दाराशी उभी राहून म्हणायची, "पोर कुठाय?" आणि आज तीच पोर नोकरीला लागतेय, तर शेषगिरीरावांना राजी नको झाली होती. का, ते कळायला त्या डब्याची गोष्ट आधी ऐकायला हवी.

डबा त्यांच्या एकट्याचा कधीच नव्हता. नव्याण्णव साली जुन्या बसस्टँडजवळ पहिलं इंटरनेटचं दुकान निघालं. प्लायवुडच्या चार खोपट्या, चार संगणक, आणि बाहेर चपलांचा ढीग. आत जाताना चपला काढायच्या, देवळात काढतात तशा. शेषगिरीराव तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, टायपिंगला हात असा की की-बोर्ड घाबरायचा. गल्लीत ईमेलचा पत्ता असलेला पहिला माणूस तोच. आणि आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एका घरी फोन आला की तो दहा घरांचा फोन होतो. तसा तो पत्ताही गल्लीचा झाला.

मुलं तिकडं अमेरिकेत, मस्कतला, सिंगापूरला निघाली होती. जाताना प्रत्येकजण वहीत तोच एक पत्ता लिहून न्यायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी शेषगिरीराव सायकल हाणत दुकानात जायचे, आलेल्या मेलचे प्रिंट काढायचे, घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि परत आल्यावर दारोदार वाटायचे. मराठी आपली, पण अक्षरं इंग्रजी. तमिळ शाळांत शिकलेल्या गल्लीत देवनागरी वाचतो कोण? आणि इंग्रजी अक्षरं म्हाताऱ्यांना येत नव्हती. म्हणून वाचूनही तेच दाखवायचे. हिराबाईंचा लेक न्यू जर्सीला. त्याचं पत्र त्या तीनदा वाचायला लावायच्या. पहिल्यांदा ऐकायला, दुसऱ्यांदा रडायला, आणि तिसऱ्यांदा सुनेनं काय लिहायचं टाळलंय ते शोधायला! मग कागद देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या पंचपाळ्याखाली.

काय दिवस होते ते. शुक्रवारी सात वाजले की घराघराच्या ओट्यावर माणसं येऊन बसायची. सायकलची घंटा वाजली की लहानमोठे सगळे विचारायचे, "काका, आमचं?" ज्यांचं काही नसायचं त्यांचे चेहरे बघवत नसत. म्हणून शेषगिरीराव त्यांच्याकडं पाच मिनिटं जास्त बसायचे. कॉलेजात त्यांना कोण विचारत होतं? फायलींचा बैल. पण गल्लीत शुक्रवारी संध्याकाळी ते कलेक्टरपेक्षा मोठे असायचे.

पत्ता असा गल्लीचा झाला म्हणताना, जिथं तिथं तोच भरला गेला. कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाची परीक्षा, कुणाचं विमानाचं तिकीट, कुणाच्या मुलीचं स्थळ. पुढं हळूहळू प्रत्येकाच्या घरात संगणक आला, खिशात फोन आला, प्रत्येकाचा आपापला पत्ता झाला. शुक्रवार संपला. माणसं गेली आणि त्यांच्या नावानं येणाऱ्या जाहिराती तेवढ्या मागं राहिल्या.

राजी आली ती पदर खोचूनच. खुर्ची ओढली, वाणीनं पाठवलेला नवा फोन हातात घेतला आणि चष्मा वर सरकवला.

"काका, हे एकतीस हजार मेल तुम्ही साठवलेत कशासाठी? लोणचं घालायला?"

"काढायच्या राहिल्या."

"आणि हे काय? तुम्ही जाहिरातवाल्यांना उत्तरं पाठवलीत?"

पाठवली होती. खोटं का बोला. नोकरीच्या साइटवरून 'प्रिय कार्तिक, तुमच्यासाठी नव्या संधी' असं आलं की शेषगिरीराव सभ्यपणे लिहायचे, 'महोदय, चि. कार्तिक ईश्वरकृपेने नोकरीस लागला आहे, आपण तसदी घेऊ नये.' पत्राला उत्तर न देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तिकडं वाचायला माणूसच नाही, असल्या पत्त्यावर पाठवलेलं परत येतं, हे त्यांना कोण सांगणार? ते उत्तर परत यायचं, आणि परत आल्याची आणखी एक मेल डब्यात पडायची.

राजी इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिचं हसणं बघून शेषगिरीरावांनाही हसू आलं.

ॲप फोनवर उतरलं. पहिल्याच पडद्यावर त्यानं परवानगी मागितली.

"हे विचारतंय, तुमच्या सगळ्या मेल मला बघू द्याल का," राजी म्हणाली. "दिल्याशिवाय कुठली जाहिरात कुठून येते ते त्याला कळणार नाही. काम झालं की ही परवानगी आपण काढून घेऊ. चालेल ना?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या?"

"सगळ्या. का, कुणाची प्रेमपत्रं आहेत की काय?"

तिनं गंमत केली आणि शेषगिरीरावांनी उगाच डबरा उचलून बाजूला ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. प्रेमपत्र म्हणावं असं एक होतं त्या डब्यात. त्यांच्या नावचं नव्हतं. राजीच्या नावचं होतं.

ते असं झालं होतं. राजीचे वडील बाळकृष्णराव, सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांनी दोन हजार तीन साली लेकीचं नाव एका विवाह जुळवणाऱ्या साइटवर घालायला लावलं. पत्ता अर्थात शेषगिरीरावांचा. आपली माणसं किती? बोटावर मोजण्याइतकी घरं, त्यात गोत्र जुळवा, नाड बघा, मुलगा शिकलेला हवा. दर शुक्रवारी अण्णा ओट्यावर बसून विचारायचे, "शेषगिरी, राजीचं काही?" आणि बहुतेक वेळा काही नसायचं.

दोन हजार पाच साली, वैशाखात, आलं. ओरत्तनाडूचा मुलगा, अनिरुद्धराव, कोइमतूरला पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर. साइटचं नुसतं 'आवड दर्शवली आहे' असलं कोरडं नव्हतं ते. त्यानं साइटमधूनच, पण स्वतः लिहिलं होतं, आपल्या मराठीत, इंग्रजी अक्षरांत. नात्यातल्या एका मुंजीत त्यानं राजीला पाहिलं होतं. ती पंगतीत वाढत होती आणि वाढता वाढता एका लहान मुलीला पाढे म्हणायला लावत होती. ती मुलगी चुकली की ही तिच्या पानात एक गूळपोळी जास्त टाकत होती. त्याला ते फार आवडलं होतं. देणंघेणं नको, पत्रिका बघायची असेल तर बघा. दोन महिन्यांत मस्कतला जायचं आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.

पाढे चुकणारी ती लहान मुलगी वाणी होती.

शेषगिरीरावांनी ते पत्र दुकानातल्या खोपटीत बसून वाचलं. दोनदा वाचलं. मस्कत या शब्दावर त्यांची नजर अडकली. घरी वाणी होती, बारा वर्षांची, आईविना. रात्री 'राजीअक्का' म्हणून दचकून उठायची. राजी मस्कतला गेली की या पोरीची दुसऱ्यांदा आई जाणार. त्यांनी बाकीच्या मेलचे प्रिंट काढले, त्या एकाचा काढला नाही. पुढच्या शुक्रवारी देऊ म्हणाले. पोरीची शाळा सुरू होऊ दे, मग देऊ. ओट्यावर अण्णांनी विचारलं, "राजीचं काही?" आणि शेषगिरीराव म्हणाले, "या खेपेला काही नाही." आयुष्यात त्यांनी वाटलेल्या हजारो कागदांत तेवढाच एक कागद नव्हता. तीन आठवड्यांनी अनिरुद्धरावाचं दुसरं पत्र आलं, दोन ओळींचं. मग काहीच आलं नाही.

मग ते पुसून का टाकलं नाही? विचारा की. नऊ वर्षं त्यांनी स्वतःलाच विचारलं. दुसऱ्याचं पत्र पोचवलं नाही, हे पाप तर झालंच होतं. फाडायचं पाप आणखी कुठं करा? म्हणून ते तिथंच पडून राहिलं, आणि वर जाहिराती साचत गेल्या. जाहिराती बंद करा म्हणून कितीजणांनी सांगितलं. शेषगिरीराव हो हो म्हणायचे आणि करायचे नाहीत. ढीग मोठा असला की खालचं दिसत नाही, हेही एक कारण होतंच.

"दे परवानगी," ते म्हणाले.

ॲपनं डबा उपसायला सुरुवात केली. पडद्यावर आकडा चढत गेला आणि दोनशे बारावर थांबला. दोनशे बारा ठिकाणांहून मेल येत होत्या. प्रत्येकाचं नाव, समोर आतापर्यंत किती आल्या तो आकडा, आणि त्यापुढं तीन पर्याय. ठेवा, बंद करा, किंवा सगळ्यांची मिळून रोज सकाळी एकच मेल करा.

"बंद केलं की काय होतं?" शेषगिरीरावांनी विचारलं.

"तुमच्या वतीनं हे त्यांना कळवतं की नाव यादीतून काढा. तुमच्या सभ्य पत्रासारखंच, पण योग्य खिडकीत टाकलेलं." राजी आता वर्गात शिकवल्यासारखी बोलायला लागली. "पण बंद केल्यानं फक्त पुढच्या थांबतात. आधीच्या डब्यातच राहतात. त्या वेगळ्या काढायच्या, मग कचऱ्याची पेटीही रिकामी करायची, तेव्हा कुठं जागा होईल. आणि हे लॉटरी लागली म्हणणारे भामटे आहेत ना, त्यांना बंद करा म्हणून कळवायचंसुद्धा नाही. कळवलं की त्यांना समजतं, इथं जिवंत माणूस आहे. त्यांना सरळ स्पॅम म्हणायचं."

आणि मग सुरू झालं. एकेक नाव वर यायचं आणि गल्लीतलं एकेक दार उघडायचं.

"नोकरीची साइट. दोन हजार सहाशे मेल. प्रिय कार्तिक, नवपदवीधरांसाठी."

"नवपदवीधर! डॅलसला घर आहे त्याचं. डोक्यावर केस उरला नाही."

"बंद. शुभेच्छापत्रांची साइट, नऊशे. ही कुणाची?"

"महालक्ष्मीची. दिवाळीला सगळ्यांना हलणारी पणती पाठवायची. दुकानातल्या संगणकावर ती पणती उघडायला वीस मिनिटं लागायची. आम्ही सगळे ज्योत हलायची वाट बघत बसायचो."

"ठेवू?"

"छे! आता ती कुठली पणती. बंद कर." पण म्हणताना त्यांना हुरहूर लागली. ती पणती अर्धी उघडून अडकली की महालक्ष्मी कशी हात जोडायची, ते त्यांना लख्ख दिसलं.

विमानाची तिकिटं, प्रतापसिंहाच्या पहिल्या प्रवासाची. त्याला चेन्नईपर्यंत सोडायला अख्खी गल्ली व्हॅन करून गेली होती आणि विमानतळाबाहेर पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा उघडून जेवली होती. इंग्रजी सुधारा, तीस दिवसांत. ती मुरलीकृष्णानं घेतली होती, सुधारलं काही नाही. साडीचं दुकान, बॅंकेचं कर्ज, वजन कमी करा. "वजन कुणाचं कमी करायचं होतं?" "हिराबाईंच्या सुनेचं. पत्ता हिराबाईंनी दिला होता." राजी परत हसत सुटली. तिचं बोट झराझर चालत होतं. बंद, काढा, बंद, काढा. एकदोन ठिकाणी शेषगिरीरावांनी हात केला आणि तिनं ठेवलं. गल्लीतल्या मुलांनी पाठवलेल्या फोटोंना तिनं हातही लावला नाही. "ही माणसांची पत्रं आहेत, ॲपला त्यात नाक खुपसायचं काम नाही," म्हणाली.

शेषगिरीराव तिच्या बोटाकडं बघत होते. यादी आकड्याप्रमाणं नव्हती, अक्षरांप्रमाणं होती, म्हणून केव्हा काय येईल ते कळत नव्हतं.

आणि आलं.

"अय्यो! काका, हे बघा!" राजीनं फोन त्यांच्यासमोर धरला. "विवाह जुळवणारी साइट. चार हजार एकशे अठरा! माझी स्थळं! अजून येतायत! 'प्रिय राजलक्ष्मी, या आठवड्यात तुमच्यासाठी बारा नवीन वर.' बारा! आणि मी इथं रविवार सकाळचा तुमचा केर काढत बसलेय!"

ती हसत होती. पण शेषगिरीरावांनी तिला परकरी पोर असल्यापासून पाहिलं होतं. हसताना तिनं एकदा डोळे मिटून घेतले, ते त्यांना दिसलं.

"अण्णा गेले तेव्हाच बंद करायला हवं होतं हे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना एकच घोर लागला होता. माझ्या पोरीला कुणी विचारलंसुद्धा नाही, म्हणायचे. चार हजार मेल आल्या आणि त्यात विचारणारा एक नाही. जाऊ दे. एका फटक्यात सगळं साफ."

तिनं 'बंद करा'वर बोट ठेवलं. झालं. मग पडद्यावर प्रश्न आला, या पाठवणाऱ्याच्या चार हजार एकशे अठरा मेल कचऱ्यात टाकू का? हो किंवा नाही.

बस्स. एक बोट. न वाचता, न उघडता, सगळं एकदम नाहीसं. कुणाला कळणार नव्हतं. शेषगिरीरावांनी फाडलं असं होणार नव्हतं. तिनं स्वतःच टाकलं असं होणार होतं. नऊ वर्षांचं ओझं तिच्याच हातानं उतरत होतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. वाणीचा फॉर्म आला असता, सही झाली असती, दुपारी राजीनं रसम आणून दिलं असतं, नेहमीसारखं. आणि ती उरलेलं आयुष्य असंच समजली असती की तिला कुणी विचारलंच नाही.

"थांब," शेषगिरीराव म्हणाले.

"काय झालं?"

"टाकू नकोस. त्यात एक पत्र आहे."

"कसलं पत्र?"

"तुझं. मी पोचवलं नाही ते."

राजीला आधी कळलंच नाही. ती हसऱ्या तोंडानंच त्यांच्याकडं बघत राहिली. मग शेषगिरीरावांनी नाव सांगितलं. ओरत्तनाडूचा अनिरुद्धराव. दोन हजार पाच, वैशाख. बोलताना त्यांनी जमिनीकडं बघितलं नाही, हे एवढं एक त्यांनी त्या दिवशी बरं केलं. त्यांनी सगळं सांगितलं. मस्कत सांगितलं, वाणीचं रात्री उठणं सांगितलं, अण्णांना काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

राजीनं 'नाही' दाबलं. ॲप मिटलं, मेलचा डबा उघडला आणि शोधायच्या जागी ते नाव टाईप केलं. दोन मेल आल्या. तिनं पहिली उघडली आणि वाचायला लागली. इंग्रजी अक्षरांतली मराठी ती ओठ हलवत वाचत होती, हिराबाईंना वाचून दाखवताना शेषगिरीराव वाचायचे तशी. गूळपोळीपाशी तिचे ओठ थांबले. मग तिनं दुसरी वाचली. मग पहिली परत वाचली.

बाहेर फुलवाली ओरडत गेली. शेषगिरीरावांना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर ओरडेल. दोन्हीला त्यांची तयारी होती.

"अण्णांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आजारपणात? शेवटी? तेव्हाही नाही सांगितलंत? रोज संध्याकाळी त्यांच्या पायथ्याशी बसायचात तुम्ही."

"नाही सांगितलं."

"माझं जाऊ दे, काका. मी गेलेही नसते कदाचित. पोरीला टाकून मस्कतला जायला माझंही मन झालं नसतं. पण ते मला ठरवायचं होतं. आणि अण्णा... अण्णा मान खाली घालून गेले हो. मुलीला कुणी विचारलं नाही म्हणून." तिनं फोन त्यांच्यासमोर धरला. "एक कागद होता. एकच. तेवढा त्यांच्या हातात ठेवला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

मला क्षमा कर असं म्हणायला शेषगिरीरावांनी तोंड उघडलं, पण तो शब्द इतका लहान वाटला की त्यांनी तो गिळला. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ती परत फोनकडं वळली. ती दोन पत्रं तिनं स्वतःच्या पत्त्यावर पाठवून दिली. डबा भरलेला असला तरी बाहेर जाणारं जातं. गेली. मग तिनं ॲप पुन्हा उघडलं, चार हजार एकशे अठराच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि यादीतली राहिलेली नावं एकेक करून निपटली. आता ती नावं मोठ्यानं वाचत नव्हती. शेवटी तिनं कचऱ्याची पेटी रिकामी केली, ॲपला दिलेली परवानगी काढून घेतली आणि फोन टेबलावर ठेवला.

तेवढ्यात तो वाजला. वाणी. शेषगिरीरावांचा हात पुढं होईना. राजीनं घसा साफ केला आणि फोन उचलला.

"हो गं, झाला साफ. पाठव आता... हो, आला बघ, आला फॉर्म. काकांची सही घेऊन शाळेतून स्कॅन करून पाठवते, उद्या सकाळी नऊच्या आत. तू काळजी करू नको. पहिल्या दिवशी कॉटनची नेस, ती निळी... नाही गं, रडत नाहीये. सर्दी झालीय. धूळ केवढी होती तुझ्या अप्पांच्या डब्यात! जेवलीस का?"

बोलणं संपवून तिनं फोन ठेवला, पदर सारखा केला आणि दारापर्यंत गेली. तिथून वळली.

"काका, तुमच्याशी मी पुढं बोलेन की नाही, मला ठाऊक नाही. पण यातलं एक अक्षर वाणीला कळता कामा नये. तिला वाटेल, तिच्यामुळं झालं."